कार्ड मावशीचं, नंबर पुष्पलताचा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वैनगंगेच्या बाजूला जो मोहल्ला आहे, तिथल्या बायांची बँक म्हणजे पुष्पलता. ती काही बँकेत नोकरीला नव्हती. बारावीपर्यंत शिकलेली, घरी छोटी आटाचक्की टाकून बसलेली, आणि मशीनपुढे उभी राहून न घाबरता बटणं दाबू शकणारी मोहल्ल्यातली एकटी बाई, एवढीच तिची पदवी. मोहल्ल्यातल्या सात-आठ म्हाताऱ्यांची एटीएम कार्डं तिच्याकडे बिस्किटांच्या डब्यात असत. सगळ्यांचे पिन तोंडपाठ. ‘कार्ड कुणाला देऊ नका, पिन कुणाला सांगू नका’ असं बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ज्यांना अक्षरच येत नाही त्यांनी ते कसं वाचावं? त्या बाया पुष्पलताला सांगत, आणि पुष्पलता एक पैसाही इकडचा तिकडे करत नसे. हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला स्वतःलाही जरा जास्तच माहीत होतं.

त्यातलं शेवंताबाईचं कार्ड म्हणजे तर घरचंच. शेवंताबाई म्हणजे शेजारची मावशी, विधवा, मुलगा पवन हैदराबादकडे बांधकामावर. तिच्याकडे मोबाईल नाही. खातं उघडताना बँकेने नंबर मागितला तेव्हा तिने पुष्पलताचा सांगितला होता. “तुयाच लाव माय, मले कोन फोन करते?” तेव्हापासून मावशीच्या खात्यावरचा प्रत्येक मेसेज पुष्पलताच्या फोनवर वाजायचा, आणि ती कुंपणावरून ओरडून सांगायची, “मावशी, पेन्शन आली वो!”

या उन्हाळ्यात मावशीची आवास योजनेची किस्त, घरासाठीचा सरकारी हप्ता, आली. मातीचं घर पाडून भिंती उभ्या झाल्या होत्या, खिडक्यांच्या वर गेल्या होत्या. आता स्लॅब पडायचा होता. पवनने चार महिने पोटाला चिमटा घेऊन पाठवलेले पैसे त्याच खात्यात होते. मिस्त्री म्हणाला होता, पावसाळ्याच्या आत झाकून टाकू. तोवर मावशी भिंतींच्या आत ताडपत्री बांधून राहत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होती, ही माझी खोली, हे स्वैपाकघर, इथं पवनची बायको उभी राहील.

आणि पुष्पलताने नेमकी याच वेळी चक्की विकायला काढली. चक्की दळण कमी आणि विजेचं बिल जास्त देत होती. तिने मोबाईलवर फोटो टाकला, खाली किंमत लिहिली, आणि दुपारीच फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, आवाज रुबाबदार. फौजी आहे म्हणाला, इथल्या कॅम्पात बदली झाली आहे, मेसला चक्की हवी आहे. वर्दीतला फोटो पाठवला, ओळखपत्राचा पाठवला. आणि घासाघीस अजिबात केली नाही.

खरं म्हणजे इथेच शहाण्या बाईने कान टवकारायला पाहिजे होते. बालाघाटात दोन रुपयांची कोथिंबीरसुद्धा कोणी मोल न करता घेत नाही. पण इथे कॅम्प आहेत, जवानांच्या गाड्या रोज रस्त्याने जातात, आणि वर्दीवाल्याने भाव केला नाही याचा पुष्पलताला संशय आला नाही, उलट मान वाटला. ‘मॅडम’ म्हणाला होता तो. तिला मॅडम कोण म्हणतं?

“मैडम, फौज का पेमेंट सिस्टम से जाता है,” तो म्हणाला. “लिंक भेज रहा हूँ. उसमें अपना कार्ड डालिए, पिन डालिए, पैसा सीधा आपके खाते में.”

लिंक उघडली. वर तिरंग्याची पट्टी, खाली ‘रकम प्राप्त करें’. कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, पिन. पैसे घेण्यासाठी पिन कशाला, हा प्रश्न तिला पडला का? पडला, खोटं का बोला. पण मशीनपुढे पिनशिवाय काही होत नाही, हेच ती आयुष्यभर शिकली होती आणि बायांना शिकवत आली होती. तिने आपलं कार्ड टाकलं. तिच्या खात्यात तीनशे-चारशे रुपये असतील.

फौजीचा लगेच फोन. “मैडम, इस खाते की लिमिट कम है. इतनी रकम रिसीव नहीं होगी. घर में कोई दूसरा कार्ड है? जिसमें थोड़ा बैलेंस रहता हो?”

तिने बिस्किटांचा डबा उघडला.

मनाशी तिचा हिशेब सरळ होता. चक्कीचे पैसे मावशीच्या खात्यात येतील, उद्या काढून आणीन, मावशीला सांगीन. मावशी काय नाही म्हणणार आहे? कुंपणापलीकडे जाऊन विचारायला पाच पावलं लागली असती, पण फौजी फोन धरून होता. तिने मावशीचा नंबर टाकला, पिन टाकला. ओटीपी तिच्याच फोनवर आला. मेसेजमध्ये इंग्रजीत लांबलचक काहीतरी होतं. तिने आकडे तेवढे पाहिले आणि टाकले. फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी मेसेज पैसे आल्याचा नव्हता, गेल्याचा होता.

“अरे, उल्टा हो गया,” फौजी शांतपणे म्हणाला. “घबराइए मत. रिफंड का ओटीपी आएगा, डाल दीजिए.”

तिने तोही टाकला. उरलेलेही गेले. त्यानंतर फौजीचा फोन लागला नाही.

त्या क्षणी बँकेत धावली असती, नाहीतर सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लावला असता, तर पैसे कुठल्यातरी खात्यात अडवता आले असते. पण पुष्पलता तेव्हा चक्कीपाशी बसून राहिली. सिस्टमची चूक असेल, फौजी माणूस आहे, परत करेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. कुंपणापलीकडून मावशीने हाक मारली, “पुष्पा, चहा मांडला, येतं काय?” आणि ती म्हणाली, “डोकं दुखून राह्यलं, मावशी.” एवढ्या वर्षांत मावशीशी ती पहिल्यांदा खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी तिने नवऱ्याला सांगितलं. वीरेंद्र ऑटो चालवतो. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“काल काहून नाई सांगतलं?”

तिने आपलं ताट बाजूला सरकवलं.

“मी तुले काई खाल्लं असतं काय? फोन लाव, आत्ताच्या आत्ता लाव.”

१९३० वर तक्रार घेतली, नंबर दिला. पलीकडचा माणूस चांगला होता, पण सांगितलं ते वाईट. पैसे पहिल्या खात्यातून तीन-चार खात्यांत फिरले होते आणि बहुतेक एटीएममधून निघालेही होते. अगदी थोडे एका खात्यात अडकवले आहेत, ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल. आणि ज्यांचं खातं आहे त्यांनी ठाण्यात येऊन लिहून द्यावं.

ज्यांचं खातं आहे त्या तेव्हा खिडकीवरच्या नव्या भिंतीला पाणी मारत होत्या.

पुष्पलताने सगळं सांगितलं. मावशीने अर्ध्यातच पाण्याचा मग खाली ठेवला, पण रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, “सारे गेले?” आणि “हौ” ऐकल्यावर वरच्या ताडपत्रीकडे पाहिलं. पुष्पलताला वाटलं, हिने आपल्या झिंज्या धराव्यात, मोहल्ला गोळा करावा, काहीतरी करावं. पवनने मात्र फोनवर सगळं केलं. “माय, तिचंच नाव लिव! तिनंच खाल्ले असन, फौजी-बिजी काई नाई!” फोन पुष्पलताचाच होता आणि आवाज मोठा होता.

ठाण्यात सायबरचं काम बघणारी बाई होती, संध्या मॅडम. तिने नीट विचारलं. “कार्ड का नंबर किसने डाला, अम्मा?”

वीरेंद्र जमिनीकडे पाहू लागला. आपणच टाकला हे सांगायचं ठरवून तर पुष्पलता आली होती.

“मीनं टाकला,” शेवंताबाई म्हणाली.

“आपको मोबाइल चलाना आता है?”

“येते. मोबाईल हिचा होता, मागून घेतलता. दाबलं मीनंच.”

मॅडमने एकदा शेवंताबाईच्या, अर्जावर उमटवून शाईने डागाळलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, एकदा पुष्पलताकडे. तिला कळलं नसेल असं नाही. पण लिहून देणारी जे सांगते ते लिहून घ्यायचं असतं. तिने लिहिलं. पुष्पलता एक शब्द बोलली नाही. नंतर तिने स्वतःला पुष्कळ विचारलं, तेव्हा तोंड का उघडलं नाही. उत्तर साधं होतं, आणि लाजिरवाणं होतं. तिला हायसं वाटलं होतं.

बाहेर आल्यावर ती पाया पडायला वाकली. “मावशी, काहून असं केलं?”

“बाईच्या जातीले पोलिसात ओढावं काय?” शेवंताबाई म्हणाली आणि पाय मागे घेतले. “चाल, बँकेत जाचं हाय.”

बँकेत खिडकीवर प्रेमलाल बाबू होता. कार्ड कालच्या कालच बंद करायला हवं होतं, म्हणाला. पिन आणि ओटीपी तुमच्याच बाजूने दिले गेले, तेव्हा बँक भरून देणार नाही. बँकेला कळवल्यानंतर गेले असते तर गोष्ट वेगळी होती. तो रागावला नव्हता, थकला होता. या महिन्यात असं कितव्यांदा सांगतोय, हे त्याने मोजणं सोडलं असावं.

“नवं कार्ड काढू का?”

“नको.”

“अन् नंबर? आधीचाच राहू देऊ?”

शेवंताबाईने मान हलवली. “काढून टाक.”

पुष्पलता शेजारीच उभी होती. तिच्याकडे न पाहताच मावशी बोलली होती.

“मग कुणाचा लावू? नंबर पाहिजेच, अम्मा. मुलाचा लावू?”

“त्याचा सिम बदलत राह्यते.” ती पुष्कळ वेळ विचार करत राहिली, जणू मोहल्ल्यातलं एकेक घर मनातल्या मनात फिरून आली. “कोनाचाच नको, बापू. माया अंगठा हाय. पेन्शन आली तं येऊन पाहीन.”

बाबूने सुस्कारा टाकला आणि खिडकीतून अर्ज सरकवला. “हे भरून आणा.”

पुष्पलताने सवयीने पर्समधून पेन काढला, टोपण उघडलं, हात पुढे केला. मावशीचं नाव, मावशीचा खाते नंबर तिला झोपेत विचारला तरी आला असता.

शेवंताबाईने अर्ज तिच्या हाती दिला नाही. तो घेऊन ती भिंतीकडच्या बाकाशी गेली. तिथे एक अनोळखी माणूस आपला नंबर येण्याची वाट पाहत बसला होता. तिने त्याच्यापुढे पासबुक धरलं.

“भाऊ,” ती म्हणाली, “एवढं लिहून देता काय? माह्यापाशी लिहून देनारं कोनी नाई.”