हंगाम संपला तरी

साखर कारखान्यात हंगामाचं म्हणून एक दुखणं असतं. उसाचं गाळप सुरू झालं की येतं, बॉयलर विझला की जातं. कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात, शेती खात्यातले भाऊसो दर हंगामात डोक्याला रुमाल आवळून, पाठीला उशी लावून बसायचे आणि ॲसिडिटीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या चघळायचे. "माझ्या उसाची तोड कवा?" म्हणत शेतकरी दिवसभर टेबल बडवत असले, तर दुसरं काय होणार! पण कारखाना बंद झाला की आठवड्यात गडी तांबडा रस्सा ओरपायला मोकळा.

रूपाली त्याच खात्यात कारकून. तिची छाती धडधडायची. खात्यानं एकमुखानं निकाल दिला, टेन्शन. शेती अधिकारी विजयसिंह तर म्हणाले, "हे बाईमाणसाचं कामच न्हवं." रूपालीलाही ते पटलं, हेच वाईट.

अठ्ठ्याण्णवचा हंगाम संपला. भाऊसो टुणटुणीत झाले. रूपाली गगनबावड्याला माहेरी जाऊन नुसती लोळली, तरी धडधड हटेना. आपलं काळीजच कच्चं, असं तिनं ठरवून टाकलं आणि परत येऊन विजयसिंह साहेबांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येणार नाही. हौसेनं मिळवलेली नोकरी. बाहेर येऊन ती ढसाढसा रडली.

भाऊसोंना राहवेना. "आगं, हंगामाचं दुखणं सुट्टीत कसं ऱ्हाईल? माझं गेलं की! चल डॉक्टरकडं."

डॉक्टर प्रसेनजीत बोलायला मऊ, विचारायला चिवट. भूक? वाढलेली. वजन? बांगड्या ढिल्या झालेल्या. घाम? गगनबावड्याच्या गार रात्रीही पंखा लागलेला. त्यांनी नाडी मोजली, गळा चाचपला, हृदयाचा आलेख काढला. मग तिला हात पुढं करायला लावून बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरत राहिला.

"ताणानं नाडी पळते, पण निवांत झोपल्यावर खाली येते. तुमची आत्ता पडून राहिल्यावरही पळतेय. थायरॉईड तपासू." मग ते भाऊसोंकडं वळले. "आणि तुम्ही. छाती दाटली, घाम फुटला, कळ हातात नाहीतर जबड्यात गेली, तर ॲसिडिटी म्हणून गोळी चघळत बसायचं नाही. हंगाम असो नसो, तडक दवाखाना गाठायचा."

भाऊसोंनी खिशातली गोळ्यांची पट्टी आणखी खाली दाबली.

रिपोर्ट आला. थायरॉईड वाजवीपेक्षा जास्त काम करत होता. "गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील, मधूनमधून रक्त तपासू. काळीज मात्र तुमचं दणकट आहे," डॉक्टर म्हणाले. रूपालीला इतका आनंद झाला की आजार निघाल्याचं दुःख करायचंच ती विसरली. इतके महिने तिनं स्वतःला भेकड म्हणून शिव्या घातल्या होत्या.

ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सायेब, मी नोकरी सोडत न्हाय."

"आणि तुझं टेन्शन?"

"टेन्शन न्हवतंच, थायरॉईड हाय. पुढच्या हंगामात तोडीचं टेबल मीच बघणार."

"परत धडधडलं तर?"

"तर डॉक्टरकडं जाईन की. राजीनाम्यानं नाडी खाली येत न्हाय, सायेब."

विजयसिंहांनी तिला समोरची खुर्ची दाखवली आणि शिपायाला दोन चहा सांगितले.