मायच्या बोटाचं माप

आमच्या घरात काहीही मोजायचं असलं की लोकरीचा धागा काढायचा. घोंगडीची लांबी, खिडकीची रुंदी, लहानपणी माझ्या परकराची उंचीसुद्धा. धनगराचं घर, धागा हाताशी असायचाच. म्हणून मायच्या बोटाचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा मीही लोकरीच्या गुंड्याचा धागा तोडला आणि आपण फार हुशार आहोत असं समजून कामाला लागले.

माप हवं होतं अंगठीसाठी. आमच्या मेंढ्या गेल्या वर्षी विकल्या. आबांचे, माझ्या वडलांचे, गुडघे चालेनात, भाऊ नाही, मी नवीन जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात. विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, हे माय मान्य करते. पण कडूबाई रायभान नावाची ही बाई त्या दिवसापासून मुकी झाल्यासारखी झाली. पूर्वी सांजेला मेंढरं अंगणापलीकडच्या कुंपणात, वाडग्यात, शिरली, फाटकाला काठी लागली, की ती ओरडायची, "आली समदी!" मंगच जेवायला बसायची. आता केदारखेड्याच्या घरी शनिवारी आले की मला तीच शांतता खायला उठते. माय ताट वाढते, स्वतः मात्र चार घास कसेबसे ढकलते. मला रडू येण्याआधी राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

त्या रागातच मी आजीचा, झुंबरबाईचा, तुटका चांदीचा तोडा घेऊन सराफ्यातल्या जुगलकिशोर शेठजींकडे गेले. म्हटलं, चांगली बोटाच्या पेराएवढी रुंद अंगठी करा, आणि तिच्यावर सगळीकडून मेंढरं कोरा, एकामागून एक, सुरुवात नको, शेवट नको. शेठजींनी तोडा हातात तोलून पाहिला.

"होईल बेटी. पण गोल कोरलं तर मंग ना वाढवता येणार, ना कापता. कापलं तर मेंढीच कापली जाईल. माप बराबर पाहिजे, बिलकुल."

तर माप. पौषातली सकाळ होती, रविवारची. माय टाकीच्या गार पाण्याने भांडी घासून उठली होती. "माझ्यासाठी अंगठी करून राह्यले, तुझं-माझं बोट सारखंच," असं सांगून मी तिचा हात धरला. बोटाच्या मुळाशी धागा ताणून गुंडाळला, खूण केली, सोडला, पट्टीवर ठेवला. छप्पन्न मिलिमीटर. लगेच शेठजींना फोनवरून कळवलं. ते म्हणाले, उद्या सकाळी कामाला हात घालतो.

संध्याकाळी मी फुशारकीने आबांना सांगत होते. आबा बाजेवर पडून ऐकत होते.

"घालून पाह्यलं का बोटात?"

"अंगठी झाली न्हाई अजून, आबा. काय घालू?"

"आगं, कागदाची कर. मेंढरू घ्यायच्या आदी तोंड उघडून दात बघतो न्हाई का आपण?"

मला चीड आली, तरी कात्री घेऊन बसले. छप्पन्न मिलिमीटरचं कागदाचं कडं केलं, टोकं चिकटवली आणि चुलीजवळ गेले. मायने नुकत्याच भाकरी थापल्या होत्या. कडं बोटात सरकवलं. मधल्या सांध्यापाशी अडकलं. जोर दिला, तर फाटलं.

"हालू नको ना!" मी मायवरच खेकसले. माय हालली नव्हती. ती आपल्या बोटाकडे बघत होती.

सकाळचा धागा आणून मुळाशी गुंडाळला. सकाळी जिथं टोकं भिडली होती तिथं आता पुरेच ना. ताणलं तर पुरलं. सोडलं तर आखडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लोकर ताणते! सकाळीही मी ती ताणूनच गुंडाळली होती, आणि पट्टीवर ठेवताना ती आखडली होती. शिवाय बोट गारठलेलं. शिवाय मोजलं ते मूळ, आणि अंगठी जाणार सांध्यावरून. एवढ्या चुका, आणि सगळ्या एकाच बाजूच्या. आधी शेठजींना फोन केला, हातच लावू नका म्हणून.

लगेच मोजायचं नव्हतं. चुलीच्या धगीने हात फुलले होते, आता मोजलं असतं तर उलट सैल झाली असती. आम्ही जेवलो. हात ना गार ना गरम झाल्यावर मी कागदाची पट्टी कापली, अंगठीएवढी रुंद. गंमत म्हणून आधी एक बारीक पट्टीही कापली होती. दोन्हींची कडी एकाच मापाची केली. बारीक कडं सांध्यावरून सहज उतरलं. रुंद कडं तिथंच अडलं. मी डोळे फाडून बघतच राहिले. एकच बोट, एकच वेळ, एकच माप, आणि नुसती रुंदी वाढली तर जागा कमी पडते! रुंद कडं जास्त कातडी धरतं, कातडी त्याच्यासमोर गोळा होते, त्याला मोकळीक जास्त लागते.

मी कडं थोडं थोडं वाढवत गेले. सांध्यावरून जाताना जरा अडेल, मुळाशी आरामात बसेल, काढताना जरा ओढावं लागेल, असं झालं तेव्हा पट्टी मोजली. एकसष्ट. सकाळपासून आतापर्यंत पाच मिलिमीटरचा फरक!

मला खरंच भीती वाटली, चांगली भीती, देवळात वाटते तसली. हे बोट मी जन्मल्यापासून धरलंय. याने कोकरं ओढून काढली, कात्री चालवली, माझी वेणी घातली. आणि ते दिवसभर असं लहान-मोठं होत असतं, गारठ्यात आखडतं, सांजेला भरतं, हे मला आज कळलं.

"एवढी रुंद कशाला तुला?" मायने विचारलं. गेल्या कित्येक दिवसांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

आता खोटं बोलवेना. "तुझ्यासाठी हाय, माय. मेंढरं कोरायचीत. गोल, समदीकडून."

ती चुलीतला निखारा बघत बसली. मला वाटलं, रागावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पट्टी घेऊन शेठजींकडे गेले. त्यांनी ती गोल लावून पाहिली आणि म्हणाले, "आधीच्या मापात कागदावर अकरा मेंढ्या बसवल्या होत्या. आता पहिलीच्या आणि शेवटच्या मधी जागा उरते. काय करू? वेल टाकू?"

मी मायला फोन लावला. शेठजींचा प्रश्न सांगितला.

"कोकरू घाला म्हणावं," ती म्हणाली. "मागं राह्यलेलं."

अंगठी झाली. मी ती शनिवारी सांजेलाच मायच्या बोटात घातली, जेवणानंतर. सांध्यावर जराशी अडली, मायने बोट थोडं फिरवलं, आणि आत जाऊन बसली. माय उठून भांडी आवरायला लागली. मी हिरमुसले, सरळ सांगते.

सकाळी उठले तर माय अंगणात शेकोटीपासून लांब, थंडीत उभी. अंगठी बोटात सैल झाली होती. सांध्यामुळे गळत नव्हती, पण अंगठ्याने ढकलली की गोल फिरत होती. माय ती फिरवत होती, आणि मेंढरं एकामागून एक पुढे येत होती, चालत होती, पलीकडे जात होती, पुन्हा येत होती. शेवटी कोकरू. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एवढीशी चांदी, आणि तिच्यावर कळप चरायला निघाला होता.

"सुटली," माय म्हणाली.

दिवसभर ती कामात होती. सांजेला चूल विझली, हात धुऊन पुसले, ताटं मांडली. मायने अंगठ्याने अंगठी ढकलून पाहिली. फिरेना. बोट भरलं होतं, मेंढरं जागच्या जागी थांबली होती. तिने हात उताणा केला, पालथा केला, एकेक बघितली, कोकरापर्यंत.

मंग रिकाम्या वाडग्याच्या फाटकाकडे तोंड करून ती ओरडली, "आली समदी!"

आबा बाजेवर उठून बसले. माय ताटावर आली, आणि भाकरीचा मोठा तुकडा मोडून जेवायला लागली.