प्रत माहितीस्तव

मिनलचा मेल विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आला तेव्हा ताराचंद बाबू डब्बा उघडून बसले होते. संगणकावर बसणाऱ्या सोनिकानं वाचून दाखवला.

मिनल उमरेडची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. एक्स्चेंजमध्ये जर्मनीत एका सेमिस्टरसाठी गेलेली. थर्मोडायनॅमिक्सचा एक बॅकलॉग राहिला होता आणि त्याचा पेपर नेमका ती तिकडे असताना आला. नागपूरला येऊन पेपर दिला तर तिकडची लॅब बुडणार. नाही दिला तर बॅकलॉग राहणार, आणि नियम असा की बॅकलॉग असेल तर बाहेरचे क्रेडिट धरत नाहीत. म्हणजे वर्षच गेलं. तिनं लिहिलं होतं: इथल्या प्राध्यापक होफर मॅडम पर्यवेक्षक व्हायला तयार आहेत, त्यांचं संमतिपत्र जोडलंय, प्रश्नपत्रिका थेट त्यांच्या ऑफिसच्या मेलवर पाठवावी, मी नागपूरच्याच वेळेला बसेन.

"नागपूरचे साडेदहा म्हणजे तिथं पहाटचे सहा," सोनिका म्हणाली. "बाई पहाटे थंडीत उठून येणार, पराया पोरीसाठी."

"आपल्या इथं तं पर्यवेक्षक साडेदहाले बी चहा पिऊन राह्यते," ताराचंद म्हणाले. "दे, साहेबाले दाखवतो."

परीक्षा नियंत्रक देशकर साहेबांनी मंजुरी दिली. अटी घातल्या: पेपर अर्धा तास आधी, कुलूपबंद फाईलमध्ये, पासवर्ड वेगळ्या मेलनं, उत्तरपत्रिका होफर मॅडमनीच स्कॅन करून पाठवायची. अटी एकदम पक्क्या होत्या. मुंगीही शिरली नसती.

परीक्षेच्या दिवशी देशकर साहेबांनी स्वतः फाईल तयार केली आणि सोनिकाला म्हणाले, "पाठव."

पाठवण्याआधी सोनिकानं ताराचंद बाबूंकडे पाहिलं. विभागातून जावक जाणारं काहीही त्यांच्या नजरेखालून जायचं.

"खाली प्रत काहून नाही टाकली वं?" ताराचंद म्हणाले.

"कोणाची?"

"अर्जदाराची! अर्ज कोणाचा आहे? पोरीचा. मंग पोरीले प्रत माहितीस्तव. मी लागलो तेव्हापासून एक कागद बिनप्रतीचा गेला नाही इथून."

सोनिकानं मिनलचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. मग पासवर्डचा मेल गेला. त्याचीही प्रत, माहितीस्तव.

तिकडे परीक्षेच्या खोलीबाहेर मिनलचा फोन दोनदा वाजला. विषयाच्या ओळीत पेपरचं नाव होतं. फाईल न उघडता तिनं फोन होफर मॅडमपुढे धरला. मॅडमनी फोन कपाटात ठेवला, पेपर घेतला, आणि अहवालात सगळं खरं लिहून पाठवलं: प्रश्नपत्रिका विद्यार्थिनीलाही आली, तिनं ती उघडली नाही, लगेच सांगितलं.

अहवाल वाचून देशकर साहेब खुर्चीतून उठले.

"ताराचंद, पेपर फुटला म्हणायचं का आता? तोच पेपर इथं सगळ्या कॉलेजात चालला. सगळ्यांचा परत घ्यायचा?"

"नाही जी."

"मग?"

ताराचंदांनी अहवालातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पोरीजवळ पेपर आधी होता, एवढंच लिवा जी. ते तिनं स्वतःच कबूल केलं आहे."

"तिनं उघडला नाही म्हणतात ना, सर," सोनिका म्हणाली. "आन् पाठवला तं आपणच."

"तुले इचारलं का वं कोणी?"

प्रकरण गैरप्रकार समितीकडे गेलं. उत्तरपत्रिका न तपासता बाजूला काढली. आणि देशकर साहेबांनी नवं परिपत्रक काढलं: यापुढे परदेशी परीक्षेचा पत्रव्यवहार फक्त पर्यवेक्षकाशी, विद्यार्थ्याला कोणतीही प्रत जाणार नाही. ताराचंद बाबूंनी त्यावर सही केली, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सुनावणीची नोटीस होफर मॅडमना गेली. मिनलला प्रत नाही. तिकडे सुटीचे दिवस होते. मॅडमच्या मेलवरून आपोआप जर्मन भाषेत उत्तर आलं.

"हे काय लिहिलं आहे जी?" सोनिकानं विचारलं.

"पोच आहे ते. लाव फाईलले."

लावली.

सुनावणीला शिपायानं दारात मिनलचं नाव तीनदा पुकारलं. कॉरिडॉरमध्ये एक कुत्रं झोपलं होतं, त्यानं मान वर केली. समितीनं नोंद घेतली: विद्यार्थिनी संधी देऊनही गैरहजर. पेपर रद्द, पुढच्या वर्षभर परीक्षेला बंदी.

शिक्षेचा आदेश मात्र विद्यार्थ्याला थेट जातो. तसा नियमच आहे. तो गेला.

संध्याकाळी मिनलचा मेल आला. एकच ओळ: "सर, सुनावणी कधी होती?"

सोनिकानं स्क्रीन ताराचंद बाबूंकडे वळवली. त्यांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, परत वाचली.

"काय लिवू जी?"

"तारीख तं सांगाच लागन तिले," ते हळूच म्हणाले.

"सांगू?"

त्यांची नजर भिंतीवर चिकटवलेल्या परिपत्रकाकडे गेली. खाली त्यांचीच सही होती.

"होफरबाईले लिव," ते म्हणाले.