चौथी शिकलेली माय

"आजी किती शिकल्यात?" दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी घेणाऱ्या सुलक्षणानं विचारलं, आणि ताईबाई तोंड उघडायच्या आत तिचा मुलगा समाधान बोलून मोकळा झाला, "चौथी. त्या काळची चौथी, मॅडम!"

"बरं झालं. न शिकलेल्यांची चाचणी वेगळी असते, त्यात लिहिणं-वाचणं नसतं. आपण ही नेहमीची घेऊ."

सांगायची वेळ तीच होती. पण ताईबाईनं नुसता पदर सारखा केला. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. सोयरीक जमवताना मुलाकडच्यांना शिकलेली सून हवी होती, म्हणून तिचा बाप बेधडक सांगून बसला, पोरगी चौथी शिकेल शे. लग्नानंतर आठ दिवसांत नवऱ्याला, जीवरामला, सगळं कळलं. भला माणूस, पोट धरून हसला! आईला कळू दिलं नाही, बायकोला तेवढी सही गिरवायला शिकवली, आणि मरेपर्यंत चारचौघांत मिरवत राहिला, आमचं माणूस शिकलेलं आहे म्हणून. त्याची लाज आता या देवपूरच्या दवाखान्यात घालवायची?

समाधान तिला इथे घेऊन आला होता ते दोनदा दूध उतू गेलं म्हणून, आणि सुनेला तिनं आपल्या नणंदेच्या नावानं हाक मारली म्हणून. धरणगावात ती एकटी राहत होती. स्वतःचं घर, स्वतःची म्हैस, स्वतःची चूल. डोकं ठीक नाही असं ठरलं की ते सगळं सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुलक्षणानं तारीख विचारली. ताईबाईनं तिथी सांगितली, अगदी बरोबर. पण कागदावर तारखेची जागा होती, तिथीची नव्हती. शंभरातून सात, त्यातून परत सात वजा करायला सांगितलं, तर दुसऱ्याच पायरीला ती अडकली. मग समोर एक पाटी आली. "यावर लिहिलंय तसं करा."

"चष्मा घरी राही गया," ताईबाई म्हणाली.

एक वाक्य लिहायला सांगितलं, तिनं सही केली. एकमेकांत अडकलेल्या दोन आकृत्या काढताना रेघा अशा वाकड्यातिकड्या गेल्या की जन्मभर भाकरी थापलेल्या त्या हाताचा तिलाच राग आला. सुरुवातीला ऐकवलेले तीन शब्द मात्र तिनं शेवटी तिन्ही सांगितले. विसरणाऱ्या माणसाला हे सहसा जमत नाही, असं सुलक्षणाला वाटून गेलं, पण बेरीज करायची ती झालीच. चौथी शिकलेल्या बाईला हे गुण फारच कमी होते. मोठ्या डॉक्टरांनी तो आकडा पाहिला, मुलाची हकिकत ऐकली आणि स्मृतिभ्रंशाची गोळी सुरू केली.

मग काय! म्हैस विकली, घराला कुलूप लागलं, ताईबाई समाधानच्या देवपूरच्या फ्लॅटमध्ये आली. सून गॅसजवळ फिरकू देईना. गोळीनं अन्नावरची वासना गेली, उठलं की चक्कर यायची. एकदा मोरीत पडली, तेव्हापासून बाहेरून कडी लागू लागली. समाधान वाईट नव्हता हो, रोज तिचे पाय चेपायचा. वाईट असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या तपासणीला जाताना तिनं मनातल्या मनात जीवरामची माफी मागितली. खुर्चीवर टेकताच म्हणाली, "बाई, मी शाळामा कधी गयेलच नही. मना बाप खोटं बोलना. माले वाचता येत नही."

सुलक्षणाचा पेन थांबला. तिनं समाधानकडे पाहिलं. घरच्यांना विचारून खात्री करायची, ही तिच्या कामाची रीतच होती.

समाधानचे डोळे भरून आले. "मॅडम, मला पहिलीचे धडे हिनं शिकवलेत. ओळीवर बोट ठेवून वाचायची. आता शाळासुद्धा विसरली."

"ते धडे तूच मोठ्यानं म्हणे, भाऊ! माले ऐकी ऐकी पाठ व्हयनात," ताईबाई कळवळून म्हणाली. "वाटलं तर आत्ते वाचाले द्या माले."

सुलक्षणानं पाटी पुढे केली. ताईबाई त्या अक्षरांकडे बघत राहिली. एकही ओळखता येईना.

"वाचनही गेलं," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली आणि तसं लिहिलं. "डॉक्टरांना सांगते. बहुतेक गोळी वाढवतील."

बाहेर बाकावर समाधाननं तिचा हात हातात घेतला. लहान पोराला समजावावं तसं म्हणाला, "माय, चौथीमा तुना पहिला नंबर येल व्हता. बाबा सांगेत. आठवस ना?"

त्याचा चेहरा तिला बघवेना. ताईबाई म्हणाली, "हा भाऊ, आठवस."