टाचेचे कोपरे

थोरल्या सुनेचं मनगट जिन्यात पडून मोडलं तेव्हा सासऱ्यांच्या मोज्यांपैकी एक पूर्ण झाला होता. दुसरा नुसतं नळकांडं होता. पंजा, घोटा सगळं विणलेलं, आणि टाचेच्या जागी बत्तीस टाक्यांची एक लाल ओळ. टाकाऊ लोकरीची; ती उसवून टाच तिथे मागाहून विणायची. सोमवारी सासरे ऑपरेशनला जाणार होते, आणि त्यांचे पाय उन्हाळ्यातही गार पडत.

"तूच कर," थोरली प्लास्टरमधला हात उशीवर ठेवत म्हणाली. "पण माझं ऐकून."

धाकट्या जावेने मान डोलावली. अकरा वर्षांत या घरात थोरलीच्या विणकामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि धाकटीच्या विणकामाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"लाल धागा आधी ओढू नकोस, टाके निसटतील. त्याच्या खालच्या ओळीत प्रत्येक टाक्याचा उजवा पाय, म्हणजे उजवी बाजू, सुईवर घे. मग वरच्या ओळीत तसंच."

खाली बत्तीस भरले. वर एकतीस.

"एक हरवला, वहिनी."

"हरवला नाही. वर नेहमी एक कमीच येतो. कडेचा अर्धा टाका धर, बत्तीस होतील."

टाके सुयांवर बसल्यावर धाकटीने सुईच्या टोकाने लाल धागा टाक्या-टाक्यातून उसवला. मोज्याला टाचेपाशी तोंड फुटलं. दोन्ही कोपऱ्यांत मात्र करंगळी जाईल एवढी भोकं दिसली.

"ती राहतातच," थोरली पटकन म्हणाली. "पुढचं विण."

धाकटीने तयार मोजा उचलून उलटा केला. आत, टाचेच्या दोन्ही कोपऱ्यांवर, सुईदोऱ्याने घट्ट शिवलेल्या गाठी होत्या. सासऱ्यांना टोचतील अशा. तिने वर पाहिलं. थोरली खिडकीकडे पाहत होती.

"दरवेळी?" धाकटीने विचारलं.

"दरवेळी. कुणाला कळत नाही."

वरच्या आणि खालच्या सुईच्या मधे आडवे धागे दिसत होते. प्रत्येक कोपऱ्यातून धाकटीने दोन उचलले, पीळ देऊन विणले. अडुसष्ट झाले. पुढच्या फेरीत ते चारही जादा टाके तिने शेजारच्या टाक्यांबरोबर जोडीने विणले. पुन्हा चौसष्ट. कोपरे मिटले. मग दोन्ही बाजूंनी टाके कमी करत ती टाचेच्या टोकाकडे निघाली, आणि उरलेले समोरासमोरचे टाके सुईने जोडून टाकले.

थोरलीने डाव्या हाताने मोजा घेतला. आतून बाहेरून अंगठा फिरवला, कोपऱ्यापाशी थांबली, परत फिरवला.

"कुठे शिकलीस?"

"कुठेच नाही. भोक दिसलं, बुजवलं."

थोरलीने स्वतः पूर्ण केलेला मोजा धाकटीच्या मांडीवर ठेवला.

"याचीही टाच उसव," ती म्हणाली. "आणि सावकाश कर. मला बघायचंय."