देवघरावरची कैची

देगलूरच्या व्यंकटरावांच्या जुन्या घराच्या छपराची पाहणी इंजिनियर म्हणून मी केली. कौलांचा भार पेलणाऱ्या सहा सागवानी कैच्या, म्हणजे तिकोनी चौकटी. 'सहाही तपासल्या' असं लिहून खाली सही ठोकली. खोटं लिहिलं. तपासल्या पाच.

त्या पाच तपासल्या धम्मानंदनं. माझ्याबरोबर काम करणारा हा सुतार हातोडीनं ठोकून आवाज ऐकतो, पेचकस टोचून बघतो. दुसऱ्या कैचीचं भिंतीत शिरलेलं टोक कुजलं होतं. फुटक्या कौलाचं पाणी तिथंच मुरायचं. तिसरीवर वाळवीची मातीची नळी, पण खाल्लेलं फक्त बाहेरचं पांढरं लाकूड, गाभा टणक. बाकीच्या तीन चांगल्या. दुसरीला टेकू द्यायचे, कुजका भाग कापून नवं सागवान लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांनी जोडायचं. तिसरीला औषध. अख्खी कैची बदलायचं कारण नाही, असं ठरलं.

सहावी देवघरावर. धम्मानंद तिकडं वळला तसे व्यंकटराव म्हणाले, "तिथं नको. देवाच्या डोक्यावर कुणी चढत न्हाई आमच्यात."

दरसाल कौलं चाळायला त्यांचाच चुलतभाऊ तिथं चढायचा. मला माहीत होतं. धम्मानंद बौद्ध आहे, अडचण एवढीच होती. तीही मला माहीत होती. मी म्हणालो, "राहू दे, खालून दिसतीय चांगली." भिंतीतलं टोक खालून कुणाच्या बापाला दिसत नाही.

"साहेब, पाचच झाल्या," धम्मानंद म्हणाला. मी ऐकलं नाही असं केलं.

काम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाकीच्या खोल्यांत टेकू लावलेत म्हणून घरची मंडळी देवघरात झोपायलीत. तान्हं लेकरू बी. तुमच्या कागदात ती खोली चांगली हाय म्हणं."

तसाच नांदेडहून निघालो. लेकरासह सगळ्यांना अंगणात काढलं. मीच वर चढलो. टोकात पेचकस मुठीपर्यंत गेला. लाकूड नव्हतंच, वरचा पापुद्रा आणि आत वाळवीची माती. वरच्या तिरप्या लाकडातही तेच. ही जोडून भागणार नव्हतं, बदलावीच लागणार होती.

सून पुनम लेकराला उराशी धरून उभी होती. "आन् तुमी लिहून दिलतं चांगली हाय म्हणून?"

व्यंकटराव शेजारीच उभे होते. तोंड उघडायची पाळी माझी होती. 'यांनी धम्मानंदला अडवलं आणि मी अडवू दिलं', एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "पाहणीत थोडी चूक झाली."

तिथंच बसून दुरुस्त नोंद लिहिली: 'सहावी कैची पूर्ण बदलावी. तोवर खोली वापरू नये. शिडी न पोचल्याने प्रथम तपासणी अपूर्ण.'

धम्मानंदनं कागद वाचला. आवाज चढवला नाही.

"शिडी मीच आणली होती, साहेब. पोचत होती."

आणि कागद व्यंकटरावांकडं देऊन तो टेकू आणायला गेला. ती ओळ मी खोडली नाही. अजून तशीच आहे.