बासष्ट टक्क्यांची बॅटरी

दुकान उघडून दुरुस्तीवाल्याने कुलूप खिशात टाकलं, तोच एका ओळखीच्या बाईंचा फोन आला.

"दादा, मी आणि लेक येतोय. माझा लॅपटॉप ती विकत घेणार आहे, भाव तुम्ही ठरवायचा. बारा हजारांच्या वर जाऊ नका."

"मशीन बघून सांगतो," तो म्हणाला. खोटा भाव त्याच्या तोंडून निघत नसे. या हट्टापायी त्याने बरीच गिऱ्हाइकं घालवली होती.

तासाभरात दोघी आल्या. लेक नवऱ्यापासून वेगळी होऊन भाड्याच्या खोलीत राहत होती, आणि तेव्हापासून आईकडून साधा चमचासुद्धा घेत नव्हती. सोमवारपासून घरून करायची नोकरी लागली होती, स्वतःचा लॅपटॉप हवा होता. तिने आल्या आल्याच बजावलं, "काका, बाजारभाव सांगा. एक रुपयाही कमी केलेला कळला, तर मी उठून जाईन."

आईने तिच्या मागून त्याच्याकडे विनवणीने पाहिलं.

त्याने लॅपटॉप सुरू केला. "अकराव्या पिढीचा प्रोसेसर. पुढच्या पिढ्या आल्यात, म्हणून भाव उतरलाय, पण तुझ्या कामाला भरपूर. रॅम, डिस्क, स्क्रीन ठीक. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरून अठरा हजार."

मग त्याने बॅटरीचा अहवाल काढला. मशीन जवळजवळ तीन वर्षं वापरलेलं, आणि बॅटरीची क्षमता शंभर टक्के, चार्जिंगच्या फेऱ्या फक्त चार. मागचा क्रमांक टाकून त्याने कंपनीच्या साइटवर वॉरंटी पाहिली. चौदा महिने शिल्लक! त्यातलं एक वर्ष गेल्याच आठवड्यात वाढवलेलं. लेक त्याच्या खांद्यावरून सगळं वाचत होती. आईला वाटलं होतं, बॅटरी बदलली तर कुणाला कळतंय? मशीन इतकं चुगलखोर असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

"नव्या बॅटरीचे अडीच, वॉरंटीचे दीड. बावीस," तो हळूच म्हणाला.

लेकीच्या पर्समध्ये अठराच होते. तिने पर्स उचलली. आता ही जाणार, असं त्याला वाटलं. आपल्या खरेपणाचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

"आई, जुनी बॅटरी किती टक्के होती?"

"बासष्ट," आई पुटपुटली. "चुकलंच माझं. ऐन मीटिंगमध्ये बंद पडला असता, तर तू कुणाला सांगितलं असतंस? मला तर नसतंच सांगितलंस."

लेकीने पर्स पुन्हा खाली ठेवली.

"काका, बासष्ट टक्क्यांची बॅटरी आणि दोनच महिने वॉरंटी असती, तर?"

"एक हजार कमी. वॉरंटीचं काही नाही. सतरा."

तिने सतरा हजार मोजून आईच्या हातात ठेवले आणि लॅपटॉप छातीशी धरला.

"लॅपटॉप मी विकत घेतला," ती म्हणाली. "बॅटरी आणि वॉरंटी तू दिलीस. त्या मला हव्या आहेत, आई."